धार गोठते कशाने? दूध-सरबताच्या फोटोंचा एक आढावा

पनवेलच्या स्टेशनबाहेर किंवा एसटी स्टँडच्या आसपास ज्यूस सेंटरच्या पाट्या पाहिल्या, तर एक चित्र हमखास आढळते: ग्लासात पडणारी धार, तिच्याभोवती उसळलेला रसाचा मुकुट आणि हवेत थांबलेले थेंब. दूध, कोकम, ऊस, आंबा, विकायचे काहीही असो, उसळी तीच असते. आता मेनूकार्डासाठी आणि मोबाइलवरच्या ऑर्डरींसाठी दुकानदारांना स्वतःच्याच मालाचे असे फोटो हवे असतात. फोटोग्राफरला पहिला प्रश्न येतो, 'शटर किती ठेवायचे?' उत्तरही ठरलेले असते, '१/८०००, म्हणजे सगळे जागच्या जागी गोठते.' या उत्तरात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. एक म्हणजे धार शटरच गोठवते. दुसरी म्हणजे धार गोठली की फोटो जमला. पहिली गोष्ट बहुतेक वेळा खरी नसते आणि दुसरी जवळजवळ कधीच नसते. गती गोठवण्याचे काम मुख्यतः प्रकाशाच्या कालावधीचे असते. थेंब खरा वाटतो तो मात्र द्रवाच्या स्वभावाशी, क्षणाशी आणि उजेडाशी त्याचा मेळ बसल्यामुळे. शटरचा आकडा या दोन्हींच्या मागून येतो.

आधी किती वेग गोठवायचा ते पाहू. जगच्या चोचीपासून ग्लासातल्या पातळीपर्यंत २५ सेंटिमीटर अंतर धरले, तर खाली पोहोचताना धारेचा वेग सेकंदाला साधारण २.२ मीटर होतो. हे गुरुत्वाचे गणित आहे, दूध असो वा कोकम, त्यात फरक पडत नाही. या वेगाने १/२५० सेकंदात धार सुमारे ९ मिलिमीटर सरकते, १/१००० मध्ये सव्वादोन मिलिमीटर आणि १/८००० मध्ये पाव मिलिमीटरहून किंचित जास्त. आता हा फोटो लागणार कुठे, ते विचारायला हवे. चौकटीत ३० सेंटिमीटर उंचीचे दृश्य आहे आणि ते दोन फुटी पाटीवर छापायचे आहे असे समजू. म्हणजे मूळ वस्तू दुप्पट होऊन दिसणार. १/१००० ची पुसट रेघ पाटीवर साडेचार मिलिमीटरची होईल आणि थेंबाऐवजी फराटा दिसेल. १/८००० ची रेघ अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास राहील आणि दुकानासमोर उभ्या माणसाला ती जाणवणार नाही. मोबाइलच्या पडद्यावर तर त्याहून कमीतही भागते. तेव्हा 'जितके वेगवान तितके चांगले' असा सरसकट नियम नाही. गरज वस्तूच्या वेगावरून आणि छापील आकारावरून ठरते. एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. धार पृष्ठभागाला टेकते त्या पहिल्या क्षणी कडेने जे अगदी बारीक कण सुटतात, ते पडणाऱ्या धारेपेक्षा कितीतरी वेगवान असू शकतात. तेवढेच कण रेघाळले असतील तर हिशेब चुकला असे समजण्याचे कारण नाही.

आता इतका लहान क्षण मिळवायचा कसा? नुसत्या शटरवर १/८००० मिळवायचे तर दृश्यावर प्रखर उजेड लागतो. खोलीतल्या एलईडी दिव्यांत ॲपर्चर पूर्ण उघडावे लागते, आयएसओ चढवावा लागतो. मग थेंबांची खोली हरवते आणि दुधाच्या पांढऱ्यावर कणकण उमटतात. जुनी आणि अजूनही खात्रीची वाट याच्या उलट आहे. खोली काळोखी करायची, शटर १/२०० इतके संथ ठेवायचे आणि फ्लॅशच्या क्षणिक चमकेला फोटो घेऊ द्यायचा. साधा कॅमेऱ्यावरचा फ्लॅश पूर्ण ताकदीने उडवला तर त्याची चमक १/१००० सेकंदाच्या आसपास किंवा त्याहून लांब टिकते. ताकद १/३२ वर आणली, तर आतली विद्युतयंत्रणा चमक मध्येच तोडते आणि कालावधी मॉडेलनुसार १/१०,००० किंवा त्याहूनही कमी होतो. म्हणजे फ्लॅश मंद केला की तो वेगवान होतो. मंदपणाची भरपाई फ्लॅश ग्लासाच्या जवळ आणून किंवा एकाऐवजी दोन लावून करता येते. स्टुडिओतल्या बऱ्याच जुन्या दिव्यांचे वागणे नेमके उलटे असते: ताकद कमी केली की त्यांची चमक लांबते. महागडा दिवा लावूनही थेंबाला शेपूट का फुटते, याचे उत्तर पुष्कळदा इथे सापडते. माहितीपत्रकातला आकडाही नीट वाचावा लागतो. काही उत्पादक चमक निम्म्यावर येईपर्यंतचाच काळ सांगतात, तर काही ती दहाव्या हिश्शावर येईपर्यंतचा. हा दुसरा काळ पहिल्याच्या साधारण तिप्पट भरतो आणि थेंब गोठतो की नाही हे त्यावर ठरते.

आपल्याकडचा फ्लॅश खरोखर किती वेगवान आहे, हे घरच्या टेबलफॅनवर तपासता येते. पात्याच्या टोकाला पांढऱ्या चिकटपट्टीची बारीक पट्टी लावायची. टोक मध्यापासून २० सेंटिमीटरवर असेल आणि पंखा सेकंदाला २० फेरे घेत असेल, तर ते टोक सेकंदाला २५ मीटर वेगाने फिरते. फ्लॅशमध्ये टिपलेली पट्टी तिच्या खऱ्या रुंदीपेक्षा अडीच मिलिमीटर जास्त रुंद दिसली, तर चमक १/१०,००० ची आहे. तितकीच सोपी दुसरी परीक्षा खोलीच्या उजेडाची. सगळी मांडणी तशीच ठेवून फ्लॅश बंद करायचा आणि एक फोटो घ्यायचा. तो पूर्ण काळा यायला हवा. त्यात ग्लासाची कड जरी दिसली, तरी खिडकीचा किंवा दिव्याचा उजेड त्या १/२०० सेकंदात आत शिरतो आहे आणि प्रत्येक थेंबाच्या गोठलेल्या रूपाशेजारी त्याची एक फिकट रेघ उमटणार. थेंब धूसर दिसला की लोक लगेच शटरला दोष देतात, पण धूसरपणा दोन प्रकारचा असतो. गतीचा धूसरपणा थेंबाला ज्या दिशेने तो चालला आहे त्या दिशेत ताणतो. फोकसबाहेरचा थेंब सगळीकडे सारखा पसरून मऊ चकती होतो. ३० सेंटिमीटरचे दृश्य, फुल-फ्रेम कॅमेरा आणि एफ/११ असेल, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ५ सेंटिमीटरचा मिळतो. शिंतोडे त्याच्या पुढेमागे उडतातच. ते मऊ येणे हा दोष नाही, उलट त्याने चित्राला खोली येते.

यावर आजचा आक्षेप असा की, नव्या कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटर १/३२,००० पर्यंत जाते, मग फ्लॅशची कटकट कशाला? आक्षेप निम्मा बरोबर आहे. प्रत्येक ओळीचा उघडा राहण्याचा काळ खरोखर तेवढाच असतो, पण बहुतेक सेन्सर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओळीओळीने वाचले जातात. त्या वाचनाला १/२० सेकंद लागत असेल, तर चौकटीचे एक टोक आणि दुसरे टोक वेगवेगळ्या क्षणांचे असतात. तेवढ्या वेळात आपली धार ११ सेंटिमीटर खाली गेलेली असते. अशा फोटोत सगळे रेखीव असते आणि तरीही खोटे वाटते, कारण गोल थेंब चपटे, लांबट किंवा एकाच बाजूला कललेले येतात. सगळे थेंब एकसारखे कललेले दिसले की हा दोष ओळखावा. हाय-स्पीड सिंक नावाची फ्लॅशची सोयही पुष्कळांची दिशाभूल करते. त्या पद्धतीत फ्लॅश एकदाच चमकत नाही. शटरची फट सरकत असेपर्यंत तो लागोपाठ चमकत राहतो. गोठवण्याचे काम पुन्हा शटरकडे जाते आणि उजेडही बराच कमी होतो. ही अडचण मुळातून सुटली ती ग्लोबल शटरने. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सोनीच्या ए९ थ्री या कॅमेऱ्यात सगळा सेन्सर एकाच क्षणी टिपला जातो आणि शटर १/८०,००० पर्यंत जाते. पण एवढ्या छोट्या क्षणात पुरेसा उजेड कुठून आणायचा हा प्रश्न तिथेही उरतो आणि त्याचे उत्तर पुन्हा फ्लॅशपाशीच येते.

इथवरचा भाग यंत्रांचा झाला. खरी मेख पुढच्या भागात आहे आणि तिचा सर्वांत चांगला पुरावा शंभराहून जास्त वर्षे जुना आहे. आर्थर वर्दिंग्टन या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने १८७० च्या दशकापासून थेंब पडताना काय होते याचा अभ्यास चालवला होता. काळोख्या खोलीत दुधाचा किंवा पाऱ्याचा थेंब पडायचा, नेमक्या क्षणी विजेची ठिणगी उडायची आणि डोळ्यांत क्षणभर राहिलेल्या प्रतिमेवरून तो चित्र काढायचा. त्याच्या या चित्रांत उसळी सुबक आणि समतोल असायची, सगळीकडे सारख्या अंतरावर सारखी टोके. १८९० च्या दशकात ठिणगीच्या उजेडात प्रत्यक्ष फोटो घेता येऊ लागले, तेव्हा दिसले की खरी उसळी तशी नसते. एखादे टोक जाड, एखादे अर्धवट, कुठे दोन टोके जुळलेली, कुठे मधली जागा रिकामी. डोळ्याने आणि हाताने नकळत ती नीटनेटकी करून घेतली होती. १९०८ मध्ये आलेल्या त्याच्या शिंतोड्यांवरच्या पुस्तकात या फोटोंना मानाची जागा आहे. पुढे अमेरिकेत एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टनने विजेच्या फ्लॅशने दुधाच्या थेंबाचा मुकुट टिपला. १९५७ चा तो रंगीत फोटो जगभर गाजला. तोही नीट पाहावा: मुकुटाची टोके एका उंचीची नाहीत आणि त्यांवरचे थेंब एका मापाचे नाहीत. आजच्या पाट्यांवरची बरीच चित्रे मात्र पुन्हा वर्दिंग्टनच्या पहिल्या चित्रांकडे गेलेली दिसतात, डावीउजवीकडे आरशासारखी सारखी. स्वच्छ आणि समतोल या दोन गोष्टींची गल्लत झाली की थेंब खरा वाटेनासा होतो.

उसळी विश्वासार्ह वाटायला तिचा क्षणही बरोबर लागतो. मुकुट उठतो तो पहिल्या स्पर्शाला आणि त्याचे आयुष्य सेकंदाच्या शंभराव्या हिश्शांत मोजावे लागते. तो सर्वांत सुबक येतो तो द्रवाच्या पातळ थरावर, म्हणजे ताटलीत पसरलेल्या दुधावर. खोल ग्लासात खड्डा पडतो, वेड्यावाकड्या जिभा उठतात आणि मग मधून एक खांब वर येतो. धार सलग पडू लागली की मुकुट संपतो, उरतात लाटा, बुडबुडे आणि फेस. म्हणून काठोकाठ फेसाळलेल्या ग्लासावर ताजा मुकुट दाखवणारे चित्र पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी खटकते. क्षण नेमका पकडायचा तर इथेही गणित मदतीला येते. २५ सेंटिमीटर पडायला धारेला सुमारे ०.२३ सेकंद लागतात. जगच्या चोचीखाली प्रकाशकिरण तुटला की फ्लॅश उडवणारा ट्रिगर लावला आणि त्याला तेवढा विलंब दिला, तर पहिला स्पर्श मिळतो. उसळी ५ सेंटिमीटर वर जाणार असेल, तर शिखरापर्यंत आणखी सुमारे ०.१ सेकंद लागतो. या शिखराचा एक छुपा फायदा आहे. वर गेलेला थेंब तिथे उभ्या दिशेत क्षणभर थांबतो. शिखराच्या ५ मिलिसेकंद आधी त्याचा उभा वेग सेकंदाला ५ सेंटिमीटरच असतो, म्हणजे सामान्य १/१००० सुद्धा त्याला पुरते. बाजूला जाण्याचा वेग मात्र शिल्लक असतो. योग्य क्षण निवडणे हेही गोठवण्याचेच साधन आहे आणि त्याला पैसा लागत नाही. ट्रिगर नसेल तर एका ओतण्यात लागोपाठ काही फोटो घ्यावेत, कारण १/३२ ताकदीवर फ्लॅश जवळजवळ लगेच पुन्हा भरतो.

आता द्रवाचा स्वभाव. दूध अपारदर्शक आहे, कारण त्यातल्या स्निग्धाचे आणि प्रथिनांचे कण उजेड विखुरतात. त्याला मागून उजेड दिला तर आकार सपाट, काळसर होतो. बाजूने मऊ उजेड आणि दुसऱ्या बाजूला थोडी सावली ठेवली की धारेचा गोलवा दिसतो. पांढरे पूर्ण जळू न देणे इथे महत्त्वाचे, कारण जळालेल्या पांढऱ्यात दूध आणि ऑइलपेंट यांत फरक उरत नाही. दुधाच्या पडद्याची पातळ कड किंचित पारदर्शक, निळसर दिसते. दुधाऐवजी गोंद किंवा रंग वापरला की नेमकी ही कड हरवते. कोकमाचे उलट आहे. गाळलेल्या कोकम सरबताला मागून, ट्रेसिंग पेपरमधून आलेला उजेड हवा. ग्लासात ते गडद लाल दिसते, पण थेंबात उजेडाचा रस्ता काही मिलिमीटरचाच असल्यामुळे तोच रंग फिका गुलाबी होतो. थेंबही ग्लासाइतकेच गडद असतील, तर एक तर रंग घातला आहे किंवा थेंब मागाहून चिकटवले आहेत. आमरस तिसऱ्याच जातीचा. तो दाट असल्याने शिंतोडे उडवत नाही, जाड दोरासारखा पडतो आणि घडी घालत बसतो. आमरसाला काटेरी मुकुट दाखवणे म्हणजे तो पाणी घालून पातळ केल्याची कबुलीच. उलट पातळ रसाची धार तुटताना मोठ्या थेंबांच्या मधोमध बारीक उपथेंब तयार होतात. असे थोडे मोठे आणि पुष्कळ बारीक मिश्रण असणे ही नैसर्गिकतेची खूण आहे. हवेतले लहान थेंब गोल असतात. अश्रूच्या आकाराचा, वर टोक असलेला थेंब फक्त सुटण्याच्या क्षणी दिसतो.

ग्लासाच्या बाहेरच्या थेंबांचीही अशीच परीक्षा घेता येते आणि पनवेलकरांना ती शिकवावी लागत नाही. पावसाळ्यात इथल्या हवेत एवढा दमटपणा असतो की फ्रीजमधून काढलेला ग्लास लगेच घामेजतो. तो घाम कुठे येतो? जिथवर थंड सरबत आहे तिथवर. पातळीच्या वरची काच त्या मानाने कोरडी राहते. आधी बारीक धुक्यासारखा थर येतो, मग शेजारचे थेंब जुळून मोठे होतात आणि जड झालेला एखादा ओघळतो व मागे स्वच्छ पट्टा ठेवतो. फोटोसाठी अनेकदा ग्लिसरीन आणि पाणी समप्रमाणात मिसळून फवारतात, कारण ते सुकत नाही आणि ओघळतही नाही. सोय चांगली आहे, पण फवारा काठापर्यंत सारखा मारला, सगळे थेंब एका मापाचे ठेवले आणि एकही ओघळ नसला, तर रोज असा ग्लास हातात धरणाऱ्याला ते लगेच कळते. पातळीच्या वरचा भाग झाकून फवारणे आणि दोनचार ओघळ काडीने पाडणे एवढ्याने काम होते. कोरड्या हिवाळ्यात हा उपाय लागतोच. जुलैत खोलीतला पंखा बंद ठेवून थोडी वाट पाहिली तर खरा घाम फुकट मिळतो.

राहिला स्वच्छतेचा प्रश्न, आणि इथला आक्षेप सर्वांत वजनदार आहे. जाहिरातीतल्या उसळ्या बहुधा अनेक फोटो जोडूनच तयार होतात. मग विश्वासार्हतेचा एवढा आग्रह कशासाठी? जोडकामाला हरकत नाही. एका फोटोतली धार चांगली येते, दुसऱ्यातली उजवीकडची जीभ, आणि दोन्ही एकत्र करणे हे रास्त कसब आहे. अट एवढीच की सगळे तुकडे एकाच बैठकीतले, एकाच उंचीवरून ओतलेल्या त्याच द्रवाचे आणि न हललेल्या दिव्यांतले असावेत. पारदर्शक थेंब भिंगासारखे काम करतो, त्याच्या पोटात मागचे दृश्य उलटे दिसते आणि अंगावर दिव्याचा चमकता ठिपका असतो. शेजारच्या दोन थेंबांवर ठिपके वेगवेगळ्या बाजूला आले की सांधा उघडा पडतो. बरीचशी स्वच्छता मुळात ओतण्याआधीच करायची असते. सरबत मलमलच्या फडक्यातून गाळणे, ग्लासावरचा साबणाचा अंश पूर्ण धुणे (तो राहिला तर नको तिथे बुडबुडे धरतात), ग्लासातले दूध कडेने हळू भरून वरचा फेस चमच्याने काढणे, आणि लेन्सपुढे शिंतोडे अडवणारी स्वच्छ काच ठेवणे. एवढे केले तर संगणकावर थोडेच उरते, आणि तिथे एक नियम पुरतो: काढावे, पण हलवू नये. दुकानाचे नाव झाकणारा थेंब, चौकटीने अर्धा कापलेला थेंब, धुळीचा कण जाऊ द्यावा. उसळीच्या रेषेत असलेले बारीक कण मात्र ठेवावेत, कारण मोठा थेंब कुठून आला हे तेच सांगतात. ते पुसले की मोठा थेंब हवेत टांगल्यासारखा दिसतो.

या सगळ्याला एक कायदेशीर कडही आहे. ती ग्लिसरीनच्या घामापेक्षा ग्लासातल्या मालाशी जास्त संबंधित आहे. १९८५ पासून मुंबईत काम करणारी ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल आणि खाद्यजाहिरातींसाठी एफएसएसएआयचे २०१८ चे नियम, दोन्हींचा रोख ग्राहकाची दिशाभूल होऊ नये यावर आहे. पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या फळरसावरून '१०० टक्के फळांचा रस' हा दावा काढून टाकण्याचा आदेश एफएसएसएआयने जून २०२४ मध्ये दिला. तो शब्दांपुरता होता. पण पातळ पेयाला दाट धार देणारे चित्र शब्द न वापरता तोच दावा करते. म्हणून दुकानदाराने फोटोग्राफरला आधी शटर विचारण्याऐवजी क्रम उलटा लावावा: ग्लासात ओतणार तो रस गिऱ्हाईकाला मिळणाराच आहे का, धार किती उंचीवरून पडणार, फोटो किती मोठा छापणार, आणि फ्लॅश बंद केल्यावर खोली खरोखर काळी होते का. या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की शटरचा आकडा बहुतेक वेळा १/२०० निघतो, आणि धार तरीही गोठलेली असते.